चांगला पाय थकू लागतो तेव्हा: पोलिओ होऊन गेलेल्या वडीलधाऱ्यांचा दिनक्रम नव्याने कसा बसवावा

माझ्या आत्याला दीड वर्षाची असताना पोलिओ झाला आणि तिचा डावा पाय कायमचा बारीक राहिला. येळ्ळूरच्या घरात तिने पन्नास वर्षे शिलाई मशीन चालवली, तीही फक्त उजव्या पायाने. डाव्या मांडीवर डाव्या हाताचा तळवा दाबत ती शेतापर्यंत चालत जाई, भाकऱ्या थापत असे आणि लग्नसराईत रात्री जागून ब्लाउजही शिवत असे. गेल्या पावसाळ्यात, बासष्टाव्या वर्षी, तिने मला सांगितले की पायडल मारता मारता उजवा पाय मध्येच सुटतो, आणि दुपारी तीननंतर तर तो आपला वाटतच नाही. घरातल्यांनी "वय झालं की" म्हणून विषय संपवला होता. मी बेळगावात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते, आणि तिच्या बोलण्यातली एक गोष्ट माझ्या मनात रुतून राहिली, ती म्हणजे थकत होता तो तिचा चांगला पाय.

पोलिओपश्चात विकार, ज्याला डॉक्टर पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात, तो ओळखायचा तर आधी हे का घडते ते समजून घ्यावे लागते. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील चालक चेतापेशी मारतो, आणि प्रत्येक चेतापेशीच्या हुकमावर स्नायूचे अनेक धागे चालत असतात. पेशी मेली की ते धागे पोरके होतात. वाचलेल्या शेजारच्या पेशी नवे फाटे फोडून त्या पोरक्या धाग्यांना आपल्या पदरात घेतात, म्हणून आजारानंतरच्या महिन्यांत मूल पुन्हा चालू लागते. परंतु त्या दिवसापासून एकेक पेशी नेमून दिलेल्यापेक्षा कित्येक पट धागे सांभाळत असते. पंधरा, तीस, कधी पन्नास वर्षे हे ओझे पेलल्यानंतर ते जादा फाटे गळू लागतात आणि धागे दुसऱ्यांदा पोरके होतात. विषाणू परत आलेला नसतो, हा विकार कोणाला लागत नाही, आणि तो पुष्कळदा त्या अवयवातही दिसतो ज्याला घरच्यांनी जन्मभर चांगला मानले. त्याचे कारण असे की एखाद्या स्नायूच्या साधारण निम्म्या चेतापेशी गेल्या तरी बाहेरून अशक्तपणा दिसत नाही. आत्याचा उजवा पाय लहानपणी वाचला होता असे नाही. त्याचे नुकसान झाकले गेले होते, आणि वर त्याने दोन पायांचे काम केले.

पहिली पायरी: दुसरे काही नाही ना, हे आधी पाहणे

या विकाराची कोणतीही एक तपासणी नाही. पूर्वी पोलिओने लुळेपणा आलेला असणे, त्यातून पूर्ण किंवा अर्धीमुर्धी सुधारणा होणे, मग साधारण पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ प्रकृती स्थिर राहणे, त्यानंतर नवी अशक्तता किंवा अनैसर्गिक थकवा सुरू होऊन तो किमान वर्षभर टिकणे, आणि त्याला दुसरे कारण न सापडणे, या सगळ्यांवरून निदान केले जाते. विद्युत तपासणी, म्हणजे ईएमजी, जुना पोलिओ कोणत्या स्नायूंत होता हे छान दाखवते, पण नवा विकार आहे की नाही हे एकटी ती सांगू शकत नाही. म्हणून यादीतील शेवटची अट सर्वात महत्त्वाची, कारण दुसरे कारण सापडले तर त्यावर बहुधा उपचार असतो.

आत्याच्या रक्तात हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, बी-12 आणि डी जीवनसत्त्व तपासले. थायरॉईड कमी निघाले. गोळी सुरू करून तीन महिने थांबलो. अंगातील जडपणा थोडा उतरला, पण पायडलवरचा पाय सुटायचा तो सुटतच राहिला, आणि तेव्हाच निदानाला अर्थ आला. मधल्या काळात हाताला मुंग्या येत असतील तर काठी किंवा कुबडीमुळे मनगटातील शीर दाबली गेली आहे का, हेही पाहावे लागते.

येथे एक खूण पक्की लक्षात ठेवावी. पोलिओ स्पर्शाच्या नसांना हात लावत नाही. त्यामुळे बधिरपणा, मुंग्या, लघवीवरचा ताबा जाणे, किंवा काही दिवसांत अथवा आठवड्यांत झपाट्याने वाढणारी अशक्तता हे पोलिओचे काम नव्हे. ते मणक्याचे, साखरेचे किंवा अन्य कशाचे असू शकते, आणि त्यासाठी लगेच डॉक्टरांकडे जावे. पोलिओपश्चात अशक्तता वर्षांच्या मोजमापाने सरकते.

भारतात मूळ विषाणूचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावडा जिल्ह्यात आढळला आणि 27 मार्च 2014 रोजी भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया प्रदेश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. त्याचा एक परिणाम असा, की आज ओपीडीत बसणाऱ्या अनेक तरुण डॉक्टरांनी ताजा पोलिओ पाहिलेला नाही, आणि म्हणून इतिहास आपणच नीट मांडायचा असतो. एका पानावर लिहून न्यावे: कितव्या वर्षी पोलिओ झाला, ताप गेल्यावर कोणकोणते अवयव लुळे होते, किती वर्षांचे असताना कसे चालू लागलो, शस्त्रक्रिया झाली होती का किंवा पायाला आधार देणारे कॅलिपर होते का, उत्तम चालणे कोणत्या वयात होते, आणि नवे काय व केव्हापासून.

आपल्या सीमाभागात याला भाषेची एक बारीक अडचण चिकटते. कन्नडमध्ये सुस्तु म्हणजे दमणूक, आणि आपणही ऐकून ऐकून "सुस्त झालंय" असे दमल्याबद्दल म्हणतो. पण मिरजेला किंवा कोल्हापूरला तेच वाक्य डॉक्टर झोपाळूपणा म्हणून लिहून घेतात. निपाणी-चिकोडीकडची माणसे तिकडे जातात आणि खानापूर-बेळगावची माणसे बेळगावात किंवा हुबळीला, त्यामुळे हा गोंधळ दोन्हीकडे होतो. "वापरला की स्नायूतली ताकद संपते आणि विसावल्यावर परत येते" हे वाक्य कोणत्याही भाषेत स्पष्ट सांगावे. झोपाळूपणा वेगळा असेल तर तोही वेगळा सांगावा, कारण त्याचा संबंध श्वासाशी असू शकतो. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

दुसरी पायरी: चौदा दिवसांची वही

औषधांनी हा विकार थांबतो असे आजवर सिद्ध झालेले नाही. पायरिडोस्टिग्मिन आणि प्रेडनिसोलोनसारखी औषधे चाचण्यांत ताकद वाढवू शकली नाहीत. म्हणून उपचाराचा कणा म्हणजे दिनक्रमच, आणि दिनक्रम बदलण्याआधी तो कागदावर दिसायला हवा. शंभर पानी वही घ्यावी, दर दोन तासांनी काय केले ते लिहावे आणि शेजारी शून्य ते दहा असा थकव्याचा आकडा टाकावा. शून्य म्हणजे ताजेतवाने आणि दहा म्हणजे आता उभे राहवत नाही. रात्री झोपताना जमिनीवरून किती वेळा उठलो, तेही लिहावे.

आत्याच्या पहिल्या आठवड्याच्या वहीत सकाळी साडेपाच ते दहा एकदाही बसल्याची नोंद नव्हती. स्नान, देवपूजा, भाकऱ्या, धुणे हे सगळे उभ्याने किंवा खाली बसून-उठून होत असे. अकराला ती मशीनवर बसे तेव्हा आकडा चार असे, आणि तीन वाजता तो आठवर जाई. तोपर्यंत मला वाटत होते की मशीनच दोषी आहे. परंतु मंगळवारी नळाला पाणी आले, तिने घागरी भरल्या, आणि त्या दिवशी आकडा सहाच्या वर गेला नाही. बुधवारी मात्र सकाळी नऊलाच आठ आणि गुरुवारी सात. दुसऱ्या आठवड्यातही तेच घडले. ज्या दिवशी शरीर ओढले त्या दिवशी नव्हे, तर त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत पाय खचत होता. वही नसती तर हे आम्हाला कधी कळले नसते, कारण बुधवारच्या थकव्याचे कारण बुधवारातच शोधण्याची सवय आपल्याला असते.

दुसरी नोंद जमिनीवरून उठण्याची होती. विळीवर भाजी चिरणे, परातीत पीठ मळणे, देवपूजा, जेवण, भारतीय पद्धतीचे शौचालय असे मिळून ती दिवसात चौदा-पंधरा वेळा जमिनीवरून उठत होती. प्रत्येक वेळी उजव्या मांडीवर जवळजवळ सगळे वजन, आणि दोन हातांनी डाव्या पायाला वर ओढणे. घरातल्या कोणत्याही कामापेक्षा हे महाग असते, आणि कोणी ते काम म्हणून मोजतच नाही.

तिसरी पायरी: खर्च कमी करणे आणि थकण्याआधी विसावणे

पहिला बदल मी जमिनीच्या बाबतीत केला. विळीऐवजी टेबलावर सुरी-पाट, परात कमी उंचीच्या टेबलावर, देव्हारा फळीवर, जेवण खुर्चीत, आणि शौचालयावर ठेवण्याची कमोडची खुर्ची. खुर्ची अशी निवडावी की बसल्यावर कंबर गुडघ्यापेक्षा थोडी उंच राहील आणि दोन्ही बाजूंना हात टेकायला दांडे असतील. बुटक्या खुर्चीतून उठणे हे जमिनीवरून उठण्याइतकेच जड जाते. गॅसच्या ओट्यापाशी उंच स्टूल ठेवले. भाकरी बसून थापता येत नाही असे आत्याचे ठाम मत होते. चार दिवस भाकऱ्या फाटल्या, पाचव्या दिवशी जमल्या. तीन आठवड्यांनी जमिनीवरून उठणे दिवसाला दोनवर आले होते.

दुसरा बदल विसाव्याचा. दमल्यावर आडवे होणे आणि दमण्याआधी आडवे होणे यांत मोठा फरक आहे, कारण ओढून ताणून रिकामा केलेला स्नायू सावरायला कैकपट वेळ घेतो. वहीत आकडा चारवर जातो ती वेळ पाहावी आणि विसावा त्याच्या अर्धा तास आधी ठेवावा. आत्यासाठी ती वेळ साडेदहाची निघाली. साडेदहाला वीस मिनिटे पूर्ण आडवे, जेवणानंतर चाळीस मिनिटे, आणि पाचला पंधरा मिनिटे असे ठरले. बसून टीव्ही पाहणे हा विसावा धरू नये. पाठीचे आणि मानेचे स्नायू तेव्हाही राबत असतात, आणि तेही पोलिओने झिजवलेले असू शकतात. "दिवसाढवळ्या लोळलेलं बघून गल्ली काय म्हणेल गं?" असे तिने विचारले. तेव्हा मी तिच्या सुनेला समोर बसवून चेतापेशींची गोष्ट पुन्हा सांगितली, आणि माझ्या अनुभवात ही पायरी घरच्यांना समजावल्याशिवाय टिकत नाही.

तिसरा बदल आठवड्याचा. पाण्याचा दिवस, बाजाराचा दिवस आणि शिवणाचे मोठे काम लागोपाठ येऊ द्यायचे नाही. पाण्याच्या दिवशी घागर सुनेने किंवा नातवाने भरायची, आत्याने फक्त नळ सोडायचा-बंद करायचा, आणि दुसऱ्या दिवशी मशीनला सुट्टी. मशीनला मोटर बसवली. तिचा पायदाबा टाचेने हलका दाबला तरी चालतो, त्यामुळे पूर्वी ज्या उजव्या मांडी-पोटरीला तासन्‌तास झुलावे लागे ती आता मोकळी झाली. एकदा बसल्यावर पंचेचाळीस मिनिटांचे घड्याळ लावायचे, आणि ते वाजले की शिवण अर्धी असली तरी उठायचे. हे तिला सर्वात कठीण गेले.

चौथी पायरी: काठी, कॅलिपर आणि न करायच्या दुरुस्त्या

काठी अधू पायाच्या विरुद्ध हातात धरायची. आत्याचा डावा हात डाव्या मांडीवर असतो, म्हणून उजव्या हातातील काठी तिच्या चालीत आपोआप बसली. काठीची उंची अशी ठेवावी की हात सैल सोडून उभे राहिल्यावर मूठ मनगटाच्या घडीला यावी आणि धरल्यावर कोपर थोडे वाकावे. खाली रबरी बूट असावा आणि तो झिजला की बदलावा, कारण पावसाळ्यात आपल्याकडच्या शहाबादी फरशीवर झिजलेला बूट सरळ घसरतो. बगलेतल्या कुबडीवर वजन बगलेने घेऊ नये, तळहाताने घ्यावे. बगलेतील नस दाबली तर मनगट खाली पडते. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी ठेवावा, उतरताना अधू पाय आधी. अधू पायाचे हाड वर्षानुवर्षे कमी वजन घेतल्याने ठिसूळ असते, त्यामुळे साधे घसरणेही कंबरेच्या हाडावर येते.

एक इशारा मात्र मला जोर देऊन द्यावासा वाटतो. मांडीचा पुढचा स्नायू गेलेली माणसे उभे राहताना गुडघा किंचित मागे ढकलून कुलूप लावल्यासारखा अडकवतात, आणि टाचेची शीर थोडी आखूड असेल तर तीही गुडघ्याला मागून धरून ठेवते. दिसायला हे वाकडे दिसते, पण तीच त्यांची कडी असते. कोणी मालीश करणाऱ्याने किंवा अतिउत्साही उपचारकाने ती टाच रगडून, ताणून सरळ केली तर गुडघा पुढे मुडपतो आणि माणूस पडतो. माझ्याकडे अशी एक व्यक्ती आलेली आहे, जी तीस वर्षे बिनकाठीने चालत होती आणि टाच ताणून घेतल्यावर दुसऱ्याच महिन्यात तिला चालता येईना. गुडघा फारच मागे जाऊन दुखत असेल तर कॅलिपरने त्याला मर्यादा घालता येते, पूर्ण सरळ करायचा नसतो. जुने लोखंडी कॅलिपर जड म्हणून फेकून दिले असेल तर हलक्या प्लास्टिकचे करून घेता येते. शासकीय मदतीसाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, लागते; त्याचा अर्ज swavlambancard.gov.in वर भरतात, आणि गावात ग्रामपंचायतीचा पुनर्वसन कार्यकर्ता, ज्याला सगळे व्हीआरडब्ल्यू म्हणून ओळखतात, तो कन्नडमधील कागद भरून द्यायला मदत करतो. जुने प्रमाणपत्र फक्त एका पायाचे असेल आणि आता दुसरा पायही अशक्त झाला असेल, तर फेरतपासणीची मागणी करावी.

पाचवी पायरी: व्यायाम किती

"चालत राहा, नाहीतर जखडशील" हा सल्ला येथे अर्धाच खरा आहे. पूर्ण बसून राहिल्याने स्नायू आणखी झिजतो, आणि दमेपर्यंत केल्यानेही झिजतो. कोणत्या स्नायूला व्यायाम द्यायचा हे हाताने तपासून ठरवतात. जो स्नायू गुरुत्वाकर्षणाविरुद्ध अवयव उचलूच शकत नाही त्याला ताकदीचा व्यायाम द्यायचा नाही, फक्त सांधा सैल ठेवायचा. जो उचलू शकतो आणि वर थोडा भारही सोसतो, त्याला एक दिवसाआड हलका व्यायाम द्यायचा. आत्याला खुर्चीत बसून उजवा गुडघा सरळ करून पाच आकडे थांबायचे, असे सहा वेळा, मग दोन मिनिटे विसावा, मग पुन्हा सहा वेळा, एवढेच दिले. महिनाभर वाढ केली नाही.

प्रमाण चुकले हे कळण्याची खूण साधी आहे. व्यायामानंतर स्नायू फडफडू लागला, दुखणे दुसऱ्या दिवशीही राहिले, किंवा वहीतला सकाळचा आकडा नेहमीपेक्षा दोनने वाढला, तर पुढच्या खेपेला निम्मे करायचे.

थंडीचा विचार याच वहीत ठेवावा. पोलिओच्या पायात रक्तवाहिन्या आकसण्यावर ताबा कमी असतो, म्हणून तो निळसर आणि बर्फासारखा होतो, आणि थंड स्नायू आणखी कमी काम करतो. बेळगावच्या डिसेंबर-जानेवारीत आत्या पहाटेची कामे सूर्य वर आल्यावर करते आणि लोकरीचा लांब पायमोजा अंथरुणातच घालते. गरम पाण्याची पिशवी थेट कातडीवर ठेवू नये, कारण थंडगार पडलेल्या कातडीला भाजल्याचे उशिरा कळते.

श्वास आणि भूल

ज्यांना लहानपणी श्वासाचा त्रास झाला होता किंवा पाठीला बाक आहे, त्यांनी तीन गोष्टींवर नजर ठेवावी: सकाळी डोके दुखत उठणे, रात्रभर झोपूनही दिवसा डुलक्या येणे, आणि सपाट झोपल्यावर दम लागणे. अशा वेळी फुप्फुसांची क्षमता बसून आणि झोपून अशी दोन्ही प्रकारे मोजून घ्यावी. त्रास स्नायूंच्या अशक्तपणाचा असेल तर रात्री श्वासाला दाबाने मदत करणारे मास्कचे बायपॅप यंत्र लागते. नुसता ऑक्सिजन लावून ठेवल्यास रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जाऊ शकतो, म्हणून तो डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घरी लावू नये.

शस्त्रक्रिया ठरली, मग ती पित्ताशयाची असो वा हर्नियाची, तर भूलतज्ज्ञाला भेटून पोलिओ होता हे आदल्या दिवशीच सांगावे. झोपेची औषधे आणि स्नायू सैल करणारी औषधे या रुग्णांना कमी मात्रेत पुरतात, शुद्धीवर यायला जास्त वेळ लागतो आणि अंगात थंडी भरते. आत्याच्या पाकिटात यूडीआयडी कार्डामागे मराठी, कन्नड आणि इंग्रजीत लिहिलेली एक चिठ्ठी आहे: पोलिओ, दोन्ही पाय, भुलीच्या आधी भूलतज्ज्ञाला दाखवणे.

आता सहा महिने झाले. उजव्या पायाची ताकद वाढलेली नाही, आणि ती वाढेल असे मी तिला कधी सांगितलेही नव्हते. पण वहीतला तीन वाजताचा आकडा आठवरून चारवर आला आहे, आणि संध्याकाळी ती काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येते. वाटेत पूर्वी तीनदा थांबत असे, आता एकदा थांबते. वही दर तीन महिन्यांनी एक आठवडा पुन्हा लिहायची, आणि आकडा परत सहाच्या वर जाऊ लागला तर आधी थायरॉईड तपासायचे आणि मग दिनक्रमातून काय कमी करायचे ते बघायचे, असे आमचे ठरले आहे.